पाऊस, सोमवार आणि रद्द झालेली बस



शाळेला जोडून तीन दिवसांची सुट्टी आली की घरात सहलीचा विषय निघतोच. आपल्या घरांतल्या सहली लांबलचक नसतात. दोन नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, घरातली वडीलधारी माणसे आणि मोजून बाजूला ठेवलेले पैसे, एवढ्यात बसतील तेवढेच दिवस मिळतात. म्हणून त्या तीन दिवसांत आपण पाच दिवसांचे कोंबतो. मग एक जागा बंद निघाली किंवा एक बस रद्द झाली की पुढचे सगळे कोसळते.

आमच्या घरात हे एकदा घडले आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आम्ही दोनदा पाहिले. पहिल्या वेळी निम्मे हुकले. दुसऱ्या वेळी पाऊस आला, बस रद्द झाली, एक दार बंद निघाले आणि तरीही जे पाहायचे ते जवळजवळ सगळे पाहून आलो. दोन्ही वेळा दिवस तीनच होते. फरक होता तो आधी कागदावर केलेल्या तासाभराच्या कामाचा. आज तेच काम तुमच्यासमोर मांडते.

पहिल्या वेळी काय चुकले

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. मी, मुलांचे अब्बा, सासूबाई म्हणजे आमच्या अम्मी, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. शनिवारी पोहोचायचे, रविवारी दौलताबाद आणि वेरूळ, सोमवारी अजिंठा आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने परत, असा बेत. थोरलीने शाळेत अजिंठ्यावर तक्ता केला होता, तेव्हा तिच्यासाठी अजिंठा "शेवटी, निवांत" ठेवला होता.

रविवारी रात्री जेवून आलो तेव्हा लॉजच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, उद्या सोमवार. अजिंठा बंद असतो." दर सोमवारी अजिंठा बंद आणि दर मंगळवारी वेरूळ बंद, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. मंगळवारी थांबावे तर परतीची तिकिटे सोमवारची. थोरली तोंड फिरवून झोपली.

त्याहून मोठी चूक मला दुसऱ्या दिवशी कळली. शहरातून वेरूळला जाताना आधी दौलताबाद लागते, मग खुलताबाद आणि घाट उतरल्यावर वेरूळ. अम्मींनी निघताना एकच गोष्ट मागितली होती, खुलताबादला फातेहा. त्यांचे वडील तरुणपणी तिथे जाऊन आले होते आणि त्या लहानपणापासून त्याच गोष्टी ऐकत आल्या होत्या. जाताना आम्ही म्हणालो, येताना थांबू. येताना अंधार पडला, धाकटा पेंगत होता, गाडीवाल्याला घाई होती. गाडी खुलताबादवरून निघून गेली. अम्मींनी खिडकीतूनच हात उचलले, फातेहा वाचली आणि घरी येईपर्यंत त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्यांच्या त्या गप्प बसण्यामुळे मी दुसऱ्या वेळी वही घेऊन बसले.

प्रत्येक जागेला संधी किती?

गेल्या पावसाळ्यात शनिवार-रविवारला जोडून सोमवारी मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी मिळाली. पुन्हा तेच तीन दिवस. मी आधी घरातल्या प्रत्येकाला विचारले, की सगळे हुकले तरी चालेल पण एक गोष्ट हुकता कामा नये, ती कोणती? थोरली म्हणाली, अजिंठा. अम्मींचे उत्तर मला माहीत होते, तरी त्यांच्या तोंडून ऐकले: खुलताबाद. धाकट्याला दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी हवी होती, म्हणजे तो वटवाघळांचा काळोखा मार्ग. मुलांच्या अब्बांनी सांगितले, नान-खलिया. माझे वेरूळचे कैलास लेणे.

मग प्रत्येकापुढे लिहिले, की ही गोष्ट तीन दिवसांत किती दिवशी होऊ शकते. अजिंठा सोमवारी बंद, म्हणून फक्त शनिवार किंवा रविवार. शिवाय शहरापासून ते सुमारे शंभर किलोमीटर, त्यामुळे पूर्ण दिवस जातो. वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे आपले तिन्ही दिवस उघडे, आणि अंतर तीसेक किलोमीटर. दौलताबाद आणि खुलताबाद त्याच रस्त्यावर. बीबीका मकबरा आणि पाणचक्की शहरातच, त्यांना दोन तास पुरतात. मकबरा रोज उघडा असतो आणि सूर्यास्तानंतरही पाहता येतो. नान-खलियाला तर फक्त भूक लागते.

एवढे लिहिल्यावर क्रम आपोआप ठरला. जिला सर्वांत कमी संधी ती पहिल्या दिवशी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी अशा गोष्टी ज्या कुठेही हलवता येतील. अजिंठा शनिवारी ठेवला. रविवारी शहर आणि दुपारी खुलताबाद. सोमवारी वेरूळ आणि दौलताबाद. शनिवार फसला तर शनिवार आणि रविवार यांची अदलाबदल करायची, बाकी काही हलवायचे नाही. पहिल्या वेळी आम्ही नेमके उलटे केले होते. सर्वांत अवघड जागा शेवटच्या दिवशी ठेवली, जिथे चूक दुरुस्त करायला दुसरा दिवसच नव्हता.

तुमची सुट्टी रविवार ते मंगळवार असेल तर हिशोब बदलतो. तेव्हा अजिंठा रविवारी, वेरूळ सोमवारी आणि शहर मंगळवारी ठेवा. अजिंठा हुकला तर त्याला मंगळवार मिळतो. वेरूळ मात्र मंगळवारी मिळणार नाही, म्हणून सोमवारी दुसरे काही मध्ये आणू नका.

पाऊस प्रत्येक जागेचे वेगळे बिघडवतो

"पाऊस पडला तर?" असा एकच प्रश्न विचारून उपयोग नाही. पाऊस कुठे नक्की काय बिघडवतो ते जागेगणिक पाहावे लागते.

अजिंठ्याची लेणी डोंगराच्या पोटात कोरलेली आहेत. चित्रे आतल्या अंधारात आहेत आणि ती आतल्या मंद दिव्यांत पाहायची असतात. बाहेर ढग असले काय, ऊन असले काय, चित्रांना फरक पडत नाही. उलट पावसाळ्यात खालच्या वाघोरा नदीला पाणी असते. भिजतो तो एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाणारा रस्ता आणि सुरुवातीच्या पायऱ्या. म्हणजे रिमझिम पाऊस हे अजिंठा रद्द करण्याचे कारण नाही. खरे कारण असते शंभर किलोमीटरचा रस्ता. जोरदार पावसात तीन तासांच्या जागी किती लागतील याचा नेम नसतो, आणि उशिरा पोहोचून काही मिळत नाही. लेणी सकाळी नऊला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतात. खाजगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबवतात, तिथून शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. त्या बसची रांग धरून मी वहीत लिहिले: सकाळी दहापर्यंत शहर सोडता आले नाही तर त्या दिवशी अजिंठा नाही.

दौलताबादचे अगदी उलट. तिथे छप्पर कमी आणि चढ जास्त. ओल्या दगडी पायऱ्या निसरड्या होतात, आणि अंधारीत तर कोरड्या दिवशीही जपून चालावे लागते. तिथे मध्यम पाऊसही थांबायला पुरेसे कारण आहे.

वेरूळ दोन्हींच्या मध्ये बसते. कैलास लेणे वरून मोकळे, त्याच्या अंगणात पाऊस सरळ डोक्यावर येतो. पण त्याच्या तिन्ही बाजूंना कोरलेल्या पडव्या आहेत, तिथून फिरत पाहता येते. दहाव्या लेण्यासारखी मोठी छताची लेणीही आहेत. तेव्हा तिथे पावसात वेळ जास्त लागतो, पण दिवस वाया जात नाही.

यातून एक गोष्ट हाती आली. जवळची जागा "जाऊन बघू" म्हणता येते. पंचवीस किलोमीटरवरून माघारी फिरलो तर दोन तास गेले. लांबच्या जागेबद्दल तसे म्हणता येत नाही, तिथला निर्णय निघण्यापूर्वीच व्हावा लागतो.

निर्णय कोण घेणार आणि किती वाजता

आमच्या घरात अशा वेळी पाच जणांची पाच मते होतात आणि तेवढ्यात अकरा वाजतात. म्हणून दोन वेळा ठरवल्या. आदल्या रात्री नऊला आणि सकाळी साडेसहाला. दोन्ही वेळा हवामान खात्याच्या mausam.imd.gov.in या पानावर जिल्ह्याचा इशारा पाहायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे धोका. त्याच पानावर पुढच्या काही तासांचा तातडीचा अंदाजही असतो, सकाळी तोच जास्त उपयोगी. आमचा नियम असा होता: पिवळा असेल तर अजिंठा करायचा, नारिंगी असेल आणि बाहेरही पाऊस लागलेला असेल तर अदलाबदल, लाल असेल तर शहराबाहेर पडायचेच नाही. शेवटचा शब्द मुलांच्या अब्बांचा. एकदा ठरले की त्यावर पुन्हा चर्चा नाही.

बस रद्द झाली

अजिंठ्यासाठी मी एका खाजगी सहल-कंपनीच्या बसमध्ये पाच जागा फोनवरून सांगून ठेवल्या होत्या. तेव्हा तीन प्रश्न विचारले होते. किती प्रवासी भरले नाहीत तर बस जात नाही? ते आम्हाला किती वाजेपर्यंत कळवणार? आणि तसे झाले तर पैसे परत देणार की दुसऱ्या दिवसाची जागा देणार? उत्तरे मी संदेशात लिहून मागितली आणि पूर्ण पैसे न देता थोडीच उचल दिली.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही रेल्वेतून उतरून लॉजवर पोहोचलो. आठ वाजता फोन आला. प्रवासी कमी भरले, उद्या बस नाही, तुम्हाला रविवारच्या बसमध्ये बसवतो. बोलणारा माणूस गोड होता. माझ्याही तोंडून हो निघणारच होते. पण रविवारची बससुद्धा पुरेसे प्रवासी भरले तरच जाणार होती, आणि रविवार ही आमची शेवटची संधी होती. ज्या कारणाने पहिली बस रद्द झाली तेच कारण दुसरीलाही लागू असेल, तर दुसऱ्या बसला पर्याय म्हणता येत नाही. मी पैसे परत मागितले. संदेश दाखवायची गरज पडली नाही, पण तो होता म्हणून मला ठामपणे बोलता आले. उचल त्याच रात्री परत आली.

आमचा खरा पर्याय एसटी होती. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणाऱ्या गाड्या अजिंठ्याच्या टी-पॉइंटवरून जातात. हिशोब आधीच केला होता. एसटीत महिलांना निम्मे भाडे, म्हणून अम्मी, मी आणि थोरली अर्ध्यात. धाकटा दहा वर्षांचा, त्याचे मुलाचे अर्धे तिकीट. मुलांच्या अब्बांचे तेवढे पूर्ण. म्हणजे पाच माणसे तीन तिकिटांच्या पैशांत. पर्याय नेहमी महाग पडतो असे आपल्याला वाटते. इथे तो सहलीच्या बसपेक्षा बराच स्वस्त होता. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. परतीची गाडी टी-पॉइंटला आधीच भरून येऊ शकते, आणि अम्मींच्या गुडघ्यांना तासभर उभे राहणे झेपणारे नव्हते. म्हणून वहीत त्याखाली आणखी एक ओळ होती: परतताना दोन एसटी सोडाव्या लागल्या तर तिसरीची वाट न पाहता गाडी ठरवायची. त्यासाठी पैसे वेगळ्या पाकिटात होते.

शनिवार: अदलाबदल

शनिवारी फजरच्या वेळी पाऊस पत्र्यावर ताशे वाजवत होता. साडेसहाला पाहिले तर जिल्ह्याला नारिंगी इशारा. मुलांचे अब्बा म्हणाले, "आज शहर, उद्या अजिंठा." थोरलीचा चेहरा पडला. तिला वहीतला रविवार दाखवला, तेव्हा ती नाश्त्याला आली.

पहिला पर्याय एक संग्रहालय होते. छप्पर आहे, लॉजपासून जवळ आहे, मुलांना आवडेल. रिक्षा करून, छत्र्या सांभाळत तिथे पोहोचलो तर दाराला कुलूप, त्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. अजिंठ्याचा सोमवार मी तोंडपाठ केला होता, पण पर्यायालाही सुट्टी असते हे सुचलेच नाही. मुख्य जागेची जेवढी चौकशी करतो तेवढीच पर्यायाचीही करायला हवी. मी ती केली नव्हती. दीड तास आणि रिक्षाचे भाडे गेले.

तिथून पाणचक्कीला गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही सतराव्या शतकातली चक्की आहे. हर्सूलकडच्या टेकड्यांमधून मातीच्या नळांतून, जमिनीखालून पाणी आणले, ते उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवले. त्या पिठाच्या भाकरी दर्ग्यावरच्या फकिरांना आणि मुसाफिरांना मिळत. पावसात हौद भरून वाहत होता. धाकट्याने आडोशाला उभे राहून अब्बांना विचारले, पाणी वर कसे चढले? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात आमचा संग्रहालयाचा तास भरून निघाला. जोहरची नमाज तिथल्याच मशिदीत मुलांच्या अब्बांनी आणि धाकट्याने अदा केली. मग नान-खलिया. त्यांची इच्छा सर्वांत आधी पूर्ण झाली, आणि ती त्यांनी दोनदा वाढून घेऊन पूर्ण केली.

दोनला पाऊस ओसरला. वहीत खुलताबाद रविवारी दुपारी होते, पण रविवार आता अजिंठ्याला गेला होता. सोमवारी वेरूळच्या वाटेवर जमले असते. पण "वाटेवर जमेल" हे वाक्य आम्ही एकदा ऐकले होते. मी म्हणाले, "आत्ताच जाऊ. रस्त्यात पुन्हा जोर धरला तर माघारी फिरू." गाडी ठरवताना गाडीवाल्यालाही तेच सांगितले आणि माघारी फिरलो तर किती पैसे, तेही आधीच बोलून घेतले.

फिरावे लागले नाही. साडेतीनला आम्ही खुलताबादला होतो. रस्त्याच्या एका बाजूला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा, समोर हजरत जैनुद्दीन शिराझी यांचा, आणि त्याच आवारात औरंगजेब बादशहाची साधी, उघड्या आभाळाखालची कबर. इथे पोलीस बंदोबस्त असू शकतो, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रे जवळ ठेवली होती. दर्ग्यांमध्ये आतल्या भागात बायकांना जाता येतेच असे नाही, हे अम्मींना ठाऊक होते. त्या ओसरीवर बसल्या आणि सावकाश फातेहा वाचली. कोणी घाई केली नाही. उठताना म्हणाल्या, "माझी सहल झाली. आता उद्यापासून तुमची."

येताना मकबरा संध्याकाळच्या उजेडात पाहिला. ओल्या फरशीत घुमट दिसत होता. तो सोमवारी गाडीच्या आधीच्या रिकाम्या वेळेसाठी राखून ठेवला होता, पण रस्त्यावरच होता आणि पाऊस थांबला होता.

रविवार आणि सोमवार

रविवारी आकाश मोकळे होते. सकाळी सातच्या एसटीने निघालो, साडेदहाच्या आत लेण्यांपाशी होतो. रविवार असल्याने गर्दी होती. पहिल्या लेण्यासमोर रांग होती, म्हणून आम्ही आधी पुढची सोळावी आणि सतरावी लेणी पाहिली आणि जेवणाच्या वेळी, गर्दी पांगल्यावर, पहिल्या लेण्यात परत आलो. पायऱ्यांसाठी अम्मींना डोली केली. थोरली पद्मपाणीच्या चित्रासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. चार वर्षांपूर्वीच्या तक्त्यात तिने तो चेहरा खडूने काढला होता. परतताना पहिली एसटी भरलेली आली, दुसरीत जागा मिळाली. पाकीट उघडावे लागले नाही.

सोमवारी पुन्हा भुरभुर पाऊस. वेरूळला कैलास लेणे आम्ही पडव्यांतून फिरत पाहिले, त्याला दोन तास लागले. एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा सोडून दिला, कारण तिकडची वाट निसरडी होती. परतीच्या वाटेवर दौलताबादला अम्मी आणि मी खाली चांदमिनाराजवळ थांबलो. मुलांचे अब्बा धाकट्याला घेऊन मेंढा तोफेपर्यंत चढले आणि तिथून मागे फिरले. पायऱ्यांवरून पाणी वाहत होते. अंधारी राहिली. धाकटा गाडीत बसल्यावर रडला आणि त्याची समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हते. पाच इच्छांपैकी चार पूर्ण झाल्या, पाचवी त्याची होती. हिवाळ्यात त्याला एकट्याला अब्बा घेऊन जाणार आहेत, इन्शाअल्लाह. एक दिवसाचे काम आहे.

रेल्वेची एक गोष्ट

परतीच्या गाडीसाठी एक नियम लक्षात ठेवा. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. पण गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही तिने जायचे नाही असे ठरवले, तरीही पूर्ण पैसे मिळतात. मात्र त्यासाठी गाडी सुटण्यापूर्वी तिकिटाच्या खात्यातून TDR भरावा लागतो. गाडी निघून गेल्यावर आठवण झाली तर हक्क जातो. पावसाळ्यात हे कामाला येते, कारण तेवढ्या वेळात रात्रीची एसटी पकडून घरी पोहोचता येते.

वहीचे पान

तुम्ही कुठेही जा, दिल्ली-आग्र्याला गेलात तर ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो आणि लाल किल्ला सोमवारी, एवढे पाहूनच दिवस लावा. निघण्याच्या आठवडाभर आधी वहीचे एक पान घ्या आणि पाच रकाने आखा. जागा. कोणत्या दिवशी बंद. पाऊस तिथे नक्की काय बिघडवतो. तिच्याऐवजी काय, आणि ते त्या दिवशी उघडे आहे का, हे फोन करून पाहिल्याची खूण. आणि पाचव्या रकान्यात, ही जागा घरातल्या कोणासाठी आहे, त्याचे नाव.

शेवटचा रकाना विसरू नका. दिवस कमी पडला की काय गाळायचे हे त्यावरूनच ठरते. आणि जी व्यक्ती मागत नाही, तिचे नाव सर्वांत वर लिहा.

दुआत याद ठेवा.